दातांची लाळ आणि छातीतला कफ

बाळ चार-पाच महिन्यांचे झाले की हनुवटीवरून लाळ गळू लागते, लाळेरे दिवसातून अनेकदा बदलावे लागते आणि मूठ सतत तोंडात असते. उताणे निजवले की घशातून घरघर ऐकू येते, मधूनच ओलसर ठसका लागतो. घरातील जाणती माणसे म्हणतात, ‘दात येत आहेत, आपोआप थांबेल.’ पुष्कळदा ते खरेही ठरते. परंतु ज्या वेळी ते खरे नसते, त्या वेळी याच वाक्यामुळे उपचाराचे दोन-तीन मोलाचे दिवस निघून जातात. म्हणून नातवंडांना सांभाळणाऱ्यांनी हा भेद कसा करावा, ते या लेखात पाहू.

प्रथम लाळेविषयी. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून लाळ अधिक तयार होऊ लागते; मात्र ती वरचेवर गिळण्याची सवय बाळाला अजून लागलेली नसते आणि ती अडवायला पुढे दातही नसतात. पहिला दात साधारणपणे सहाव्या महिन्याच्या सुमारास दिसतो. एखाद्याला चौथ्या महिन्यात, तर एखाद्याला वर्षाच्या सुमारास. त्यामुळे नुसती लाळ गळते यावरून दात येत आहे असे ठरवता येत नाही. हात स्वच्छ धुऊन खालच्या पुढच्या हिरडीवरून बोट फिरवावे. हिरडी फुगलेली व ताणलेली लागली, किंवा आत पांढरट कड दिसली, तर दात जवळ आला आहे असे समजावे.

आता घरघरीविषयी. उताण्या बाळाची लाळ मागे घशात साठते आणि तिच्यावरून श्वास गेला की आवाज होतो. बाळाचा घसा अरुंद असल्याने हा आवाज मोठा वाटतो. पाठीवर हात ठेवला तर त्याची थरथर हातालाही जाणवते आणि ‘छाती भरली’ असे वाटते. येथे एक सोपी परीक्षा करावी. बाळाला खांद्याशी उभे धरून पाच-दहा मिनिटे थांबावे किंवा दूध पाजावे. लाळ गिळली गेली की आवाज थांबतो किंवा बराच कमी होतो. लाळेचा ठसकाही असाच असतो: एक-दोनदा येतो, घसा मोकळा होतो आणि बाळ पुन्हा खेळू लागते.

संसर्गाचा खोकला याहून वेगळा असतो. बाळ उभे धरले तरी तो येतो, झोपेतून उठवतो, त्याची उबळ येते आणि दिवसागणिक वाढतो. बहुधा त्याबरोबर नाक वाहते किंवा चोंदते. २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पालकांनी बाळांच्या लक्षणांची रोज नोंद ठेवली होती. दात बाहेर येण्याच्या आधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन दिवस या काळात लाळ, चावणे, चिडचिड आणि अंग किंचित कोमट होणे ही लक्षणे वाढलेली दिसली. परंतु खोकला, नाक चोंदणे, पातळ शौच आणि मोठा ताप यांचा दात येण्याशी संबंध आढळला नाही.

मग ही दुखणी नेमकी दातांच्या वेळीच का येतात? आईकडून जन्मापूर्वी मिळालेली संरक्षक द्रव्ये सहाव्या महिन्याच्या सुमारास बरीच ओसरतात. त्याच सुमारास बाळ हाती येईल ती वस्तू तोंडात घालू लागते. दात आणि संसर्ग असे एकाच वेळी दारात येतात आणि दोष दाताच्या माथी जातो.

एक उदाहरण घेऊ. दिवसभर आजीजवळ राहणारी सात महिन्यांची नात आहे असे समजा. सोमवारी तिची लाळ वाढली आहे आणि निजवल्यावर घरघर होते. खांद्यावर घेतले की ती थांबते. खालची हिरडी फुगलेली आहे, काखेतले तापमान ९९ अंश फॅरनहाइट आहे आणि दूध नेहमीसारखे चालू आहे. येथे वाट पाहण्यास हरकत नाही. बुधवारी सकाळी दाताचे टोक दिसते. पण नाकही वाहू लागले आहे, उभे धरूनही खोकला येतो आणि ताप १००.८ आहे. दात डोळ्यांना दिसत असला तरी हा ताप त्याचा नव्हे. १००.४ अंश किंवा त्याहून अधिक ताप दातांच्या खाती टाकू नये. त्या दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि घरी श्वास मोजण्यास प्रारंभ करावा.

श्वास मोजण्यासाठी बाळ शांत किंवा झोपलेले असावे. रडताना वा दूध पिताना मोजू नये. अंगातले झबले वर करून पोटाकडे पाहावे, पोट वर आले की एक श्वास धरावा आणि घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावे. बाळाचा श्वास अनियमित असल्यामुळे पंधरा सेकंद मोजून चौपट करू नये. आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजावे. दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा अधिक आणि एक वर्षानंतर ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास होय.

आपल्या उदाहरणातील नातीचे बुधवारी ४४ श्वास भरले. गुरुवारी रात्री मात्र ५८ भरले, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला आणि निम्मे दूध पिऊन तिने तोंड फिरवले. जुनी माणसे यालाच ‘पोट उडणे’ म्हणत. येथे सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे. लहान श्वासनलिकांना सूज आणणारा विषाणूंचा आजार साधारणपणे तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जोर करतो. म्हणून पहिल्या दिवशी बाळ बरे दिसले तरी पुढचे दिवस मोजणी सोडू नये.

ओठ निळसर होणे, प्रत्येक श्वासाबरोबर कण्हणे, श्वास मध्येच थांबणे, बाळ मलूल पडणे किंवा सहा-आठ तास लघवी न होणे, यांपैकी काहीही दिसल्यास श्वास मोजत बसू नये, तत्काळ न्यावे. तीन महिन्यांखालील बाळाला ताप आला तरीही तसेच करावे. खेळता खेळता एकाएकी ठसका लागून घरघर सुरू झाली, तर शेंगदाणा किंवा मणी श्वासनलिकेत गेल्याची शंका घ्यावी आणि ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

लाळेच्या घरघरीला औषध लागत नाही. चावायला स्वच्छ, ओले, गार केलेले फडके द्यावे, हनुवटी कोरडी ठेवून तिला व्हॅसलिन लावावे. नाक चोंदले असल्यास दूध पाजण्यापूर्वी सलाईनचे थेंब घालावेत. वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. त्यातून क्वचित, पण घातक विषबाधा होते. नाकात तेल सोडू नये, ते फुप्फुसात उतरू शकते. हिरडी बधिर करणारे मलम आणि घरात उरलेले खोकल्याचे औषध स्वतःच्या मनाने देऊ नये. डॉक्टरांकडे जाताना ताप, श्वासांचे आकडे आणि दूध किती वेळा घेतले याची वेळेसह लिहिलेली चिठ्ठी सोबत न्यावी. तिच्यावरून दुखणे वाढते आहे की उतरते आहे, हे त्यांना लगेच कळते.