सरकारने दिलेला शब्द मोडला तर? कोर्ट नेमके काय तपासते?

झारखंडच्या २०१२च्या औद्योगिक धोरणात स्वतःची वीज तयार करणाऱ्या कारखान्यांना वीज शुल्कात पाच वर्षे ५० टक्के सवलत जाहीर झाली. अधिसूचना महिनाभरात निघायची होती. ती निघाली जानेवारी २०१५ मध्ये, तीही फक्त पुढच्या काळासाठी. एक कंपनी कोर्टात गेली.

डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारला विचारले, उशीर का? उत्तरच नव्हते. म्हणून ही मनमानी ठरली आणि कलम १४चा भंग. कंपनीची ‘वैध अपेक्षा’ मान्य झाली.

सबळ जनहित दाखवले असते, तर सरकारला शब्द फिरवताही आला असता. नुसत्या ‘अवाजवीपणा’वर जिंकणे मात्र कठीण, तिथे कोणताही समंजस अधिकारी असा निर्णय घेणार नाही, हे दाखवावे लागते. ‘प्रमाणबद्धता’ विचारते, उपाय गरजेपेक्षा कठोर होता का?