सरासरी वाढली, गल्ला आटला

आमच्या नात्यात सध्या तिघीजणी मसाले, भाजणी, मेतकूट असलं घरचं ऑनलाईन विकतात. तिघींनाही कुठल्या ना कुठल्या कार्यशाळेत एकच मंत्र मिळालाय. आपल्या ऑर्डरींची सरासरी काढायची, त्यात तीस टक्के मिळवायचे आणि तेवढ्या रकमेच्या वर शिपिंग फुकट ठेवायचं, की सरासरी आपोआप वाढते. वाढते हो, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण सरासरी वाढली म्हणजे पैसे वाढले, हे कोणी सांगितलं?

कुणाच्या दुकानाचा हिशेब चव्हाट्यावर नको, म्हणून एक मनातलं दुकान धरू या. आकडे मुद्दाम गोल घेतोय. महिन्याला १०० ऑर्डरी. त्यातल्या ७० साधारण ३५० रुपयांच्या, म्हणजे गोडा मसाला आणि सोबत एखादं काहीतरी. २५ ऑर्डरी ६०० च्या. आणि ५ ऑर्डरी तीन-तीन हजारांच्या, कुणाच्या घरी मुंज आहे किंवा कुणी परदेशी निघालंय. एकूण विक्री ५४,५०० रुपये, सरासरी ५४५.

आता ह्या ५४५ ची ऑर्डर कुणी दिली? कुणीच नाही! पाच मोठ्या ऑर्डरींनी सरासरी वर ओढलीय, खरं गिऱ्हाईक ३५० वरच बसलंय. मंत्राप्रमाणे तीस टक्के मिळवले की ७०८ येतात, म्हणजे पाटी लागणार '६९९ च्या वर शिपिंग फुकट'. ३५० वाली बाई काही मेतकुटाचे चार डबे जास्त घेणार नाही. ६०० वाली मात्र लगेच १२० रुपयांची लसणीची चटणी टाकते आणि ७२० वर पोचते. सगळे खूष.

पण दुकानाला काय मिळालं? समजा शंभर रुपयांच्या विक्रीमागे, सामान, पॅकिंग आणि पैसे भरण्याचं कमिशन जाऊन ४० रुपये सुटतात. चटणीवर सुटले ४८. आधी हीच बाई शिपिंगचे ६० रुपये देत होती, ते गेले. म्हणजे १२ रुपयांचा खड्डा, वर चटणी करायचे कष्ट. सरासरीचा आलेख मात्र वर!

हिशेब एका ओळीत मावतो. वाढीव मालावर सुटणारे पैसे हे सोडलेल्या शिपिंगपेक्षा जास्त हवेत. ४० टक्के सुटत असतील आणि ६० रुपये सोडत असाल, तर गिऱ्हाइकाने निदान १५० रुपयांचं जास्त घ्यायला हवं. त्याच्या आत आपण पदरचे घालतो.

मग कुणी म्हणतं, मर्यादा खाली आणा, ४९९ करा, ३५० वाल्यांना पोचता येईल. करून बघू. समजा ७० पैकी २० जणींनी १८० चा आणखी एक मसाला घेतला. प्रत्येकीमागे ७२ सुटले, ६० सोडले, १२ उरले. एकूण कमाई २४० रुपये. पण ६०० वाल्या २५ आणि मोठ्या ५ ऑर्डरी तर आधीच ४९९ च्या वर होत्या. त्यांनी काहीही जास्त न घेता प्रत्येकी ६० रुपये वाचवले. आपले १,८०० गेले. निव्वळ तोटा १,५६०, आणि सरासरी ५४५ वरून ५८१! ही खाच भरून काढायला अगदी नव्या, ह्या पाटीमुळेच आलेल्या ऑर्डरी हव्यात. ५३० ची नवी ऑर्डर आली, तर तिच्यावर २१२ सुटतात, कुरिअरचे ९५ जातात, ११७ उरतात. म्हणजे शंभरामागे १४ नव्या ऑर्डरी आल्या तर बरोबरी. येतीलही! पण निदान आपण चौदाची पैज लावतोय, हे माहीत असावं ना?

आणि ह्याहून वाईट प्रकार म्हणजे फुकटाचा खर्च काढायला लहान ऑर्डरींचं शिपिंग ६० चं ९० करणं. समजा ७० पैकी २० जणी वैतागून गेल्या. विक्री ७,००० नी पडली, आणि सरासरी? ५९४. छोट्या गिऱ्हाइकाला हाकलून दिलं की सरासरी नेहमीच सुधारते.

'फुकट' ह्या शब्दाची जादू खोटी नाही. फ्रान्समध्ये ॲमेझॉनने एकदा शिपिंग फुकट करण्याऐवजी एक फ्रँक ठेवलं होतं आणि इतर देशांत विक्रीत दिसलेली उडी तिथे दिसली नाही, हा किस्सा डॅन एरियलीच्या २००८ च्या पुस्तकामुळे बराच फिरला. पण त्याच ॲमेझॉनने २००२ साली अमेरिकेत मर्यादा आधी ९९ डॉलर ठेवली, मग ४९, मग २५. वरून खाली, पायरीपायरीने. हे आपल्यालाही जमण्यासारखं आहे. मर्यादा उतरवली तर कुणी तक्रार करत नाही, चढवली की फोन येतात.

म्हणून माझ्या मते ह्या दुकानाने ७९९ पासून सुरुवात करावी. ६०० वालीला दोनशेचं जास्त घ्यावं लागतं, म्हणजे ८० सुटतात, ६० सोडले तरी २० उरतात. अशा आठजणी आल्या तर १६०. फुकट मिळवणारे जुने फक्त ते पाचच, त्यांचे ३०० गेले. तोटा १४०, आणि तो एका नव्या ऑर्डरीत भरून निघतो. चौदाच्या जागी एक!

अर्थात ह्यात मी एक गोष्ट सोयीने धरलीय, की जास्तीचा माल हलका आहे. कुरिअरचं वजन बहुतेक ५०० ग्रॅमच्या टप्प्यांत मोजतात. अर्धा किलो भाजणी खोक्यात घातली की पार्सल अर्ध्या किलोच्या वर जातं आणि बिल एक किलोचं येतं. पुढच्या टप्प्याला ४० रुपये पडत असतील, तर १४० च्या भाजणीवर सुटणाऱ्या ५६ पैकी १६ उरतात, आणि त्यातून साठचं शिपिंग सोडायचंय! तेव्हा '७९९ ला फक्त १९९ कमी' असं जिथे दाखवता, तिथे मसाले आणि चटण्या सुचवा, भाजणी नको. चिवडा तर मुळीच नको. ३० बाय २५ बाय २० सेंटिमीटरच्या खोक्यात किलोभर चिवडा जातो, पण कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची गुणून ५००० ने भागतात आणि तीन किलोचं बिल लावतात. दिवाळीच्या फराळाची पार्सलं ह्या मर्यादेतून सरळ बाहेर ठेवावीत.

वूकॉमर्सवर दुकान असेल तर अजून एक बारीक खूण बघा. फ्री शिपिंगच्या सेटिंगमध्ये Apply minimum order rule before coupon discount असा चौकोन असतो. त्यात टिक असेल, तर ८०० ची ऑर्डर कुपनने ६८० ची झाली तरी शिपिंग फुकटच जातं. टिक काढून टाका.

दोन महिन्यांनी सरासरी बघू नका. शंभर ऑर्डरींऐवजी दुकानात येऊन गेलेल्या दर हजार लोकांमागे, कुरिअर देऊन, किती रुपये उरले ते बघा. आणि ऑर्डरींची यादी रकमेप्रमाणे लावा. ७९९ ते ८५० मध्ये गर्दी झाली असेल तर पाटी काम करतेय. त्या गर्दीत प्रत्येक ऑर्डरीत तोच एक स्वस्त डबा दिसला, तर त्या डब्यावर किती सुटतात ते आधी मोजा.