निमित्त चालेल, प्रश्न खरा हवा

आवडत्या माणसाशी बोलायला सुरुवात कशी करायची, यावर एक ठरलेला उपाय सगळीकडे फिरतो : काहीतरी छोटा सल्ला मागा. मिसळ कुठे चांगली मिळते, कोणतं पुस्तक वाचू, असं काहीही. एका गटाला ही भारी युक्ती वाटते. दुसऱ्या गटाला ही लबाडी वाटते. मनात आहे ते सरळ सांगून टाका, असं ते म्हणतात. माझं दोघांशीही भांडण आहे.

आधी सरळवाल्यांशी. ज्या मुलीशी तुम्ही आजवर चार वाक्यं बोललायत, तिला एकदम ‘तू मला आवडतेस’ म्हणणं म्हणजे आपलं ओझं तिच्या डोक्यावर ठेवणं. आता हो किंवा नाही तिने म्हणायचं, आणि नाही म्हटलं तर उद्या त्याच कँटीनमध्ये समोरासमोर बसायचं. छोट्या प्रश्नाला मात्र ती दोन शब्दांत उत्तर देऊन सुटू शकते, कुणाचाच अपमान होत नाही. मी हुपरीची. जिथे गल्लीतल्या प्रत्येकाला प्रत्येकाचं घर माहीत असतं, तिथे या सुटकेची किंमत कळते. मुलीने स्वतः सुरुवात करायची असेल, तर आणखीच कळते.

आता युक्तीवाल्यांशी. हुपरी चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्यामुळे नवीन ओळख झाली की हमखास मेसेज येतो : ‘तुमच्याकडे पैंजण स्वस्त मिळतात का गं?’ मी उत्तर देते. पुढे ना पैंजण घेतले जातात, ना त्यांचा विषय निघतो. तिसरा मेसेज थेट ‘बाकी काय करतेस?’ असा असतो. हा प्रश्न हुपरीच्या कुणालाही विचारता आला असता. याउलट कुणी विचारलं की, ‘आजीसाठी पैंजण घ्यायचेत, तिला जड सोसत नाहीत आणि घुंगरांचा आवाज नको, काय बघू?’ तर मला थांबून विचार करावा लागतो. इथे माझी माहिती खरोखर लागते, आणि विचारणाऱ्याच्या घरातलं थोडंसं मलाही कळतं.

पुस्तकाचं उदाहरण घेऊ. ‘एखादं चांगलं पुस्तक सुचव ना’ हा आळशी प्रश्न. सगळं काम समोरच्याने करायचं. त्याऐवजी समजा असं लिहिलं : ‘कोसला दोनदा अर्धवट सोडली, पण रणांगण एका रात्रीत संपवली. तशीच छोटी कादंबरी सांगशील?’ यात तुमची आवड आहे, अडचण आहे आणि उत्तराला मर्यादा आहे. ती म्हणाली, ‘बनगरवाडी वाच.’ आता खरं काम सुरू होतं, आणि बहुतेक लोक इथेच घसरतात. ‘थँक्स, नक्की वाचतो’ लिहून लगेच गाडी दुसऱ्या विषयावर नेतात. तसं करू नका. गप्प बसा आणि बनगरवाडी वाचा. छोटी आहे, आठवड्यात होते. मग लिहा : ‘दुष्काळात गाव रिकामं होतं, तिथे अडकलोय. तू पहिल्यांदा वाचलीस तेव्हा तुलाही असं झालं होतं का?’ नाही आवडली तर तेही सांगा. खोट्या कौतुकापेक्षा त्यावर जास्त बोलता येतं.

युक्तीवाले बेंजामिन फ्रँकलिनचा दाखला देतात. त्याने एका विरोधकाकडून दुर्मीळ पुस्तक मागून घेतलं आणि पुढे दोघांची मैत्री झाली. पण त्याने ते पुस्तक आठवड्याभरात आभाराच्या चिठ्ठीसह परत केलं होतं, हे सांगायचं राहून जातं. २०१७ साली हार्वर्डच्या संशोधकांनी संभाषणांचा अभ्यास केला. मिळालेल्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारणारी माणसं जास्त आवडतात, असं त्यात दिसलं. स्पीड डेटिंगमध्ये अशा लोकांना दुसऱ्या भेटीसाठी होकार मिळण्याची शक्यताही जास्त होती. म्हणजे वजन आहे ते ऐकून घेण्याला.

तरीही काही वेळा काहीच होत नाही. उत्तर आलं, पण उलटा प्रश्न आला नाही. तुम्ही वाचून कळवलंत, त्यावर फक्त अंगठा आला. एकदा कामाची गडबड असू शकते. दुसऱ्यांदाही तसंच झालं, तर ते उत्तर आहे. तिसरा सल्ला मागू नका. चांगलं वागून उत्तर देणं म्हणजे होकार नव्हे. सल्ला मागितला की लोक सवयीनेही देतात.

म्हणून मेसेज पाठवण्याआधी एकच तपासा : समोरून काहीच जमलं नाही, तरी हे उत्तर मला हवं आहे का? ती मिसळ मी एकटा जाऊन खाईन का? खाणार असाल, तर बिनधास्त विचारा. मनात आणखी काही आहे म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. उत्तर नकोच असेल, तर मात्र आमचा वेळ घेऊ नका.