शनिवारी रेंज गेली, रविवारी पैसे गेले

मैत्रिणींनो, आपल्या कुहीत मोबाइलची रेंज गेली तर कोणी फारसं मनावर घेत नाही. "टॉवर बंद असेल" म्हणायचं आणि भाकरी उलटायची. आमच्या शेजारच्या वहिनींनीही नोव्हेंबर २०२५ मध्ये हेच केलं. पण त्यांच्या यजमानांच्या फोनवर त्याच कंपनीचं सिम होतं आणि तिथे रेंज भरपूर होती. खूण हीच होती. टॉवर बंद असता तर दोघांचीही रेंज गेली असती. एकाचीच गेली आणि फोन बंद-चालू करूनही आली नाही, तर आपल्या नंबराचं दुसरं सिम कोणी काढलं असेल, अशी शंका लगेच घ्यावी. तसं झालं की बँकेचे सगळे ओटीपी त्या भामट्याच्या फोनवर जातात.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. सिम बदलल्यावर नव्या सिमवर चोवीस तास मेसेज बंद ठेवायचे, असं दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये कंपन्यांना सांगितलं. म्हणून पैसे पुष्कळदा दुसऱ्या दिवशी जातात. तो एक दिवस आपल्या हातात असतो, आणि वहिनींचा तो टॉवरची वाट पाहण्यात गेला. त्यातून दुसरा शनिवार, पुढे रविवार, म्हणजे बँकेला टाळं!

रविवारी रात्री त्या रडतच माझ्याकडे आल्या. आम्ही आधी यजमानांच्या फोनवरून १९३० ला आणि बँकेच्या टोल-फ्री नंबरला फोन लावला. मगच ईमेल लिहायला बसलो. हा क्रम मोडू नये, कारण १९३० वर पैसे पुढच्या खात्यात अडवून ठेवायची सोय आहे. ईमेल कशाला, असं वाटेल. पण फोनवरचं बोलणं हवेत विरतं, ईमेलवर तारीख-वेळ राहते. तो बँकेत नोंदवलेल्या पत्त्यावरूनच पाठवला आणि मराठीतच लिहिला. तो असा:

"विषय : सिम बदलून झालेल्या अनधिकृत व्यवहारांची तातडीची तक्रार.

माझ्या बचत खात्यातून (अखेरचे चार आकडे सोबत) माझ्या संमतीशिवाय ८७,५०० रुपये गेले आहेत. घटनाक्रम असा :

५ नोव्हेंबर, दुपारी सुमारे १२ : मोबाइल कंपनीतून बोलतो असं सांगणाऱ्याने सिमवरचा वीस आकडी नंबर विचारला. मी तो सांगितला. ओटीपी, पिन किंवा पासवर्ड कोणालाही दिलेला नाही.
८ नोव्हेंबर, सायं. ५.१० : रेंज गेली, ती आलीच नाही.
९ नोव्हेंबर, सायं. ५.४२ : ४९,५०० रुपये गेले.
९ नोव्हेंबर, सायं. ५.४७ : ३८,००० रुपये गेले.
त्याच रात्री ८.३० : घरच्या वायफायवर बँकेचे ईमेल पाहिले, तेव्हा कळलं.
८.५० : १९३० वर तक्रार. ९.०५ : बँकेच्या टोल-फ्री नंबरवर तक्रार.

माझं नेट बँकिंग, यूपीआय आणि कार्ड ताबडतोब बंद करावं, पैसे गेलेल्या खात्यांच्या बँकांना कळवावं, आणि तक्रार क्रमांक तारीख-वेळेसह द्यावा."

सोबत बँकेच्या दोन्ही ईमेलचे फोटो, व्यवहारांचे संदर्भ क्रमांक आणि १९३० चा तक्रार क्रमांक जोडला.

पहिल्या ओळीवरून आमची जरा वादावादीच झाली. "वीस आकड्यांचं नका लिहू बाई, मलाच दोष देतील," वहिनी म्हणाल्या. भीती खोटी नव्हती. बँक त्यावर बोट ठेवू शकते. पण ते पुढे उघड झालं असतं तर बाकीच्या खऱ्या ओळींवरही कोणी विश्वास ठेवला नसता. शेवटी ओळ राहिली. मात्र ज्यांनी ओटीपी खरोखर सांगितला असेल, त्यांनी "नाही दिला" असं लिहू नये.

इतकी घाई कशासाठी? रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक तेव्हा सांगत होतं की, चूक ना आपली ना बँकेची, तिसऱ्याच कुणाची असेल, तर बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं की आपल्यावर काहीच भार येत नाही. चार ते सात कामकाजाचे दिवस लावले तर साध्या बचत खात्यावर दहा हजारांपर्यंत भार येऊ शकत होता. आपण पासवर्ड-ओटीपी दिल्यामुळे पैसे गेले असतील, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच, कळवल्यानंतरचं बँकेचं. दोष ग्राहकाचा होता, हे सिद्ध करायचं काम मात्र बँकेवर होतं.

सोमवारी सकाळी वहिनींनी ओळखपत्र दाखवून आपल्या नंबराचं सिम परत घेतलं आणि आधीचं सिम कुठल्या दुकानातून, किती वाजता निघालं, ते कंपनीकडून लेखी मागितलं. तो कागद मिळाल्यावर त्याच ईमेलच्या उत्तरात जोडला. दुसरा नवा ईमेल लिहिला नाही, नाहीतर एका तक्रारीच्या दोन होऊन बसतात.

त्या परिपत्रकानुसार कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची होती. वहिनींच्या पासबुकात ती २१ नोव्हेंबरला उमटली. चौकशीला नव्वद दिवसांची मुदत होती, तोवर त्या पैशाला हात लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं.