बक्षिसाचे चित्र आणि शिक्क्याचा डाग

लॉटरीपासून आपला व्यापारी चार हात दूरच राहतो. परंतु तिकीट न घेताच जी लॉटरी मोबाईलवर चालून येते, तिला पुष्कळजण जुगार समजतच नाहीत, नशिबाने मिळालेले बक्षीस समजतात. 'कौन बनेगा करोडपती'च्या नावाने २५ लाखांचे प्रमाणपत्र व्हॉट्सॲपवर पाठवण्याचा धंदा कित्येक वर्षे चालू आहे. दिल्ली पोलिसांनी त्याबद्दल इशारा दिला, केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानेही ही प्रमाणपत्रे खोटी असल्याचे वेळोवेळी जाहीर केले. तरीही माणसे फसतात, कारण हातात 'कागद' दिसतो. आमच्या मते, आता या कागदाकडेच नीट पाहायला शिकले पाहिजे.

आमच्याकडे दोन वाचकांनी अशी चित्रे आणून दाखवली. एक मालेगावचे यंत्रमागवाले, दुसरे एक बेकरीवाले. दोघांची ओळख नाही, गावे वेगळी. दोन्ही चित्रांत सोनेरी चौकट, कार्यक्रमाचे बोधचिन्ह, एका बँकेचे चिन्ह, खाली गोल शिक्का व सही. नाव आणि मोबाईल नंबर मात्र ज्याचा त्याचा. आम्ही दोन्ही चित्रे एकाच मोबाईलवर घेतली, सारख्या आकारात मोठी केली आणि बोटाने एकामागून एक सरकवत पाहिली. या पद्धतीत जे सारखे आहे ते जागेवर स्थिर राहते, जे बदलले आहे तेवढेच डोळ्यांपुढे उडी मारते. येथे फक्त नाव व नंबर हलले. शिक्का तसूभरही हलला नाही.

यात विशेष काय, असे कोणी म्हणेल. पण बिलावर रोज शिक्का मारणाऱ्याला आम्ही काय सांगावे? रबरी शिक्क्याचे एखादे अक्षर तुटलेले असेल तर ते प्रत्येक ठशात तुटलेलेच उमटते, त्यावरून काही सिद्ध होत नाही. परंतु शिक्का किती तिरका पडला, कोणत्या कडेला शाई जास्त लागली, कोठे ठिपका सांडला, हे दर वेळी बदलते. या दोन चित्रांत शिक्क्याच्या डाव्या कडेचा शाईचा डागसुद्धा एकच होता आणि सहीची शेपटी शिक्क्याला त्याच बिंदूवर छेदत होती. हाताने दोनदा मारलेला शिक्का आणि दोनदा केलेली सही अशी जुळत नाही. म्हणजे एकच साचा आहे आणि गिऱ्हाइकाप्रमाणे त्यात नाव भरले जाते.

दुसरे चित्र हाताशी नसेल तर काय करावे? तेव्हा एकाच चित्रात नाव व रक्कम यांची जागा बाकीच्या मजकुराशी ताडून पाहावी. छापील नमुन्यावर नाव नंतर टाइप करणे यात गैर काही नाही. शाळेच्या दाखल्यावरही अक्षराचे वळण वेगळे असते. म्हणून नुसत्या वेगळ्या अक्षरावरून निकाल देऊ नये. खरा प्रश्न असा की, अक्षरांखालून कागदाची नक्षी जाते का? यंत्रमागवाल्यांच्या चित्रात पार्श्वभूमीवर बारीक जाळी होती. ती सगळीकडे होती, फक्त नावाच्या भोवती एका चौकोनात नव्हती. जुने नाव पुसताना खालची जाळीही पुसली गेली होती.

बेकरीवाल्यांचे चित्र टेबलावर ठेवलेल्या कागदाचा फोटो असल्यासारखे होते. कागद तिरका, एका कोपऱ्यावर सावली. अशा फोटोत छापील ओळीही कागदाच्या कडेप्रमाणे तिरक्या जातात आणि सावलीतली अक्षरे मंद होतात. येथे नावाची ओळ पडद्याच्या कडेला समांतर, सरळ! शेजारची अक्षरे सावलीत धुरकट झालेली असताना नाव मात्र काळेभोर होते. पडद्यावर दुसऱ्या कागदाची सरळ कड धरली की हा फरक लगेच कळतो.

येथे एक सावधगिरी. व्हॉट्सॲप चित्र सहसा दाबून लहान करते. त्यामुळे अक्षरांभोवती मुंगळ्यांसारखे ठिपके दिसतात. ते सगळ्याच अक्षरांभोवती असतील तर त्यांचा काही अर्थ नाही. फोटो कधी व कोणत्या कॅमेऱ्याने काढला ही आतली नोंदही अशा पाठवणीत सहसा निघून जाते. बदललेला भाग चमकवून दाखवू म्हणणारी साधने इंटरनेटवर आहेत, पण वारंवार दाबलेल्या चित्रावर त्यांचा भरवसा धरू नये.

साचा जुना आहे का हे शोधण्यासाठी पूर्ण चित्र न देता नाव व नंबर कापून टाकावेत आणि फक्त शिक्का, सही व चौकटीचा भाग गूगल लेन्समध्ये टाकावा. नावासह दिले तर शोध भलतीकडे जातो. तेच प्रमाणपत्र दुसऱ्याच्या नावाने सापडले तर प्रश्न मिटला. सापडले नाही तर मात्र चित्र खरे ठरत नाही. साचा नवा असू शकतो.

आमचे मत येथेच ठाम आहे. चित्राच्या तपासणीने खोटेपणा पकडता येतो, खरेपणा सिद्ध करता येत नाही. कारण संपूर्ण प्रमाणपत्र संगणकावर एका बैठकीत बनवले असेल तर त्यात खाडाखोड सापडणारच नाही. लॉटरीच्या तिकिटाच्या फोटोचेही तसेच. तिकीट अस्सल असेल, पण दुसऱ्याचे. किंवा त्यावरचे दोन आकडे बदलून निकालातल्या नंबराशी जुळवलेले. आकड्यांमधले अंतर पाहावे, बदललेला आकडा शेजाऱ्यापेक्षा किंचित वर-खाली बसलेला असू शकतो. परंतु बक्षीस मागायला मूळ तिकीट लागते, फोटो नव्हे. शिवाय १९९८च्या लॉटरी नियमन कायद्याप्रमाणे राज्याच्या लॉटरीचे तिकीट राज्य सरकारने छापायचे, त्यावर राज्याचे चिन्ह असायचे आणि सोडत सरकारनेच काढायची. सिमकार्डच्या नंबरावर निघणारी टीव्हीवाल्यांची लॉटरी त्यात कोठेच बसत नाही.

चित्रानंतर फोन येतो, पुष्कळदा +92 ने सुरू होणाऱ्या, म्हणजे पाकिस्तानच्या, नंबरावरून. "भाईजान, फक्त टॅक्स भरा, पैसे तयार आहेत." रोख बक्षिसावरचा कर देणाराच कापून घेतो आणि उरलेली रक्कम देतो. गाडीसारख्या वस्तूचे बक्षीस असेल तर ती हाती पडण्यापूर्वी कर भरावा लागतो, हे खरे आहे, आणि लबाड त्याचाच आधार घेतात. पण तो कर सरकारी खात्यात जमा होतो, कोणा मॅनेजरच्या खात्यात नाही. रिझर्व्ह बँकेचे पत्र जोडलेले असेल तर आणखी सोपे, कारण ती बँक सामान्य माणसाची खाती ठेवतच नाही.

बेकरीवाल्यांनी पैसे पाठवले नव्हते. यंत्रमागवाल्यांनी 'फाइल चार्ज' म्हणून एक हप्ता भरला होता आणि दुसऱ्याची तयारी चालली होती. ज्यांचे पैसे गेले असतील त्यांनी चित्र, संदेश व नंबर पुसू नयेत, व्यवहार क्रमांक लिहून घ्यावा आणि त्याच घटकेला 1930 वर फोन करावा, तक्रार cybercrime.gov.in वरही नोंदवता येते. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली तरच ते गोठवता येतात. तेव्हा लाजेपोटी दोन दिवस गप्प बसणे महाग पडते.