दोन कुकर आणि नाव घातलेले पातेले



लग्नसराई सरली की आमच्याकडे एक ठरलेला प्रश्न येतो : आहेरात एकच वस्तू दोनदा आली, आता काय करायचे? यंदा तो आमच्या पुतणीच्याच घरी आला. आहेराची वही काढून पाहिले, तर पाच लिटरचे कुकर दोन. एक आत्याचा, एक जावयाच्या मित्रमंडळींचा. शिवाय मामाने दिलेले स्टीलचे पातेले, तसली घरात आधीच दोन होती.

पातेल्याचा विचार सोडावा लागला. त्यावर मशीनने मामाचे नाव व तारीख घातलेली. नाव घातलेले भांडे दुकानदार बदलून देत नाही. फार तर मोडीत वजनावर घेतो, आणि मोडीचा भाव नव्याच्या मानाने फारच कमी. देणाऱ्याची हौस आम्हाला कळते. पण नावाची चिठ्ठी खोक्यात ठेवली तरी नाव पोचते, आणि भांड्यावर ते पुढेही घालता येते.

कुकरपैकी मित्रांच्या खोक्यात बिल नव्हते. किंमत दिसू नये म्हणून बिल काढून घेणारे पुष्कळ. आत्याने मात्र दुकानातून वेगळी चिठ्ठी घेतली होती. तिच्यावर बिल नंबर, तारीख, कुकरचे माप आणि शिक्का; किंमत नाही. मोठ्या दुकानांत हिलाच गिफ्ट रिसीट म्हणतात. लहान दुकानदारही मागितल्यास लिहून देतो. मूळ बिल देणाऱ्याने जपून ठेवावे, आणि किती दिवसांत बदलून मिळेल हे त्याच वेळी विचारावे.

बदलता येणारा कुकर नेमका आत्याचा, म्हणून पुतणी बिचकली. गुपचूप बदलू, म्हणाली. आम्ही म्हटले, आत्या पुढच्या महिन्यात जेवायला येईल तेव्हा कुकर कुठे शोधशील? तिने फोन केला, "आत्या, कुकर दोन झाले. तुमच्या कुकराऐवजी कढई घेऊ का?" आत्या हसून म्हणाली, "अगं, चिठ्ठी कशाला ठेवली मग?"

दुकानदाराने खोके उघडून पाहिले. कुकर एकदा गॅसवर चढला की तळ सांगतो. हा कोरा होता. रोख मिळाली नाही, वस्तूच घ्यावी लागली. कुकर 1,900 चा. कढई 1,250, तवा 700. वरचे 50 रुपये भरले.

इथे एक गोष्ट लक्षात असू द्या. वस्तू सदोष निघाली आणि बिलावर मुदत नसेल, तर 30 दिवसांत ती परत घेण्याचे नाकारणे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित ठरते. पण दुबार आलेली चांगली वस्तू बदलून देणे ही दुकानदाराची मर्जी. तिथे हुज्जत घालू नये, गोडीने बोलावे. गर्दीची संध्याकाळ टाळून सकाळी गेलेले बरे.

मामाचे पातेले आता दुधाला लावले आहे.