‘प्रशासकीय सोयी’च्या नावाखाली पदावनती

खासगी अनुदानित शाळांच्या संस्थाचालकांकडून एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. मुख्याध्यापक आम्ही नेमला, तेव्हा त्याला परत वर्गावर पाठवण्याचा अधिकारही आमचाच. आम्ही कुणाची नोकरी घेत नाही, फक्त खुर्ची बदलतो. ऐकायला हे रास्त वाटते, म्हणून शिक्षकही गप्प बसतात. पण महाराष्ट्राच्या कायद्यात या म्हणण्याला आधार नाही.

खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा कायदा आहे. त्याच्या कलम 4 मध्ये बडतर्फी, सेवेतून काढणे आणि पदावनती या तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात आल्या आहेत. कायदा व नियम पाळल्याखेरीज यातले काहीही करता येणार नाही, असे ते वाक्य सांगते. या कायद्याखालच्या 1981 च्या नियमांत मोठ्या शिक्षा दोनच आहेत, पदावनती आणि सेवासमाप्ती. म्हणजे ‘नोकरी तर शाबूत आहे ना’ असे म्हणणारा ज्याला किरकोळ समजतो, ते कायद्याने नोकरी जाण्याच्या रांगेत बसवले आहे. घटनेच्या कलम 311 मध्ये सरकारी नोकरांसाठीही हीच रांग आहे.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते पाहू. समजा, तालुक्याच्या गावी एक माध्यमिक शाळा आहे. सेवाज्येष्ठतेने मुख्याध्यापक झालेल्या बाईंनी, शाळेत न येणाऱ्या मुलांची नावे पटावर ठेवायला नकार दिला. पुढच्या कार्यकारिणीच्या सभेत ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात तीन ओळींचा ठराव झाला: प्रशासकीय सोयीसाठी यांना सहायक शिक्षक पदावर काम करण्यास सांगण्यात येत आहे. सोमवारी मस्टरवर त्यांचे नाव पहिल्या ओळीवरून तिसऱ्या ओळीवर गेले. शिक्का, कपाटाच्या किल्ल्या आणि बँकेतले सहीचे अधिकार दुसऱ्याकडे गेले. ठरावात दोषाचा एक शब्दही नाही.

हा ठराव टिकणारा नाही. बाईंचे काही चुकले असे संस्थेला खरेच वाटत असेल, तर वाट ठरलेली आहे. आरोपांचे निवेदन नोंदणीकृत टपालाने पाठवायचे आणि खुलाशाला सात दिवस द्यायचे. खुलासा पटला नाही तर चौकशी समिती नेमायची. तिच्यात एक सदस्य संस्थेचा, एक बाईंच्या पसंतीचा आणि तिसरा पुरस्कारप्राप्त मुख्याध्यापकांतला. मग आरोपपत्र, साक्षीपुरावा, उलटतपासणी. हा तिसरा सदस्य फार मोलाचा आहे, कारण गावातल्या गावात संस्थेचा अध्यक्ष आणि फिर्यादी बहुधा एकच असतो. हे सगळे टाळण्यासाठीच ‘प्रशासकीय सोय’ हे शब्द वापरले जातात.

यावर संस्थेचे वकील म्हणतात, की ही शिक्षाच नाही, तर चौकशी कशाची? या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्येच पुरुषोत्तमलाल धिंग्रा खटल्यात दिले आहे. धिंग्रा रेल्वेत वरच्या पदावर स्थानापन्न होते आणि त्यांना खालच्या वर्गात परत पाठवले गेले. न्यायालयाने दोन गोष्टी तपासायला सांगितल्या. त्या पदावर माणसाचा हक्क होता का? आणि खाली पाठवल्याने वेतन, ज्येष्ठता किंवा पुढच्या बढतीची संधी हिरावली जाते का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर ती शिक्षा. धिंग्रा हरले, कारण स्थानापन्न पदावर त्यांचा हक्क नव्हता आणि दंडात्मक परिणामही झाले नव्हते. पण कसोटी कायम राहिली. पुढे 1971 मध्ये महाराष्ट्रातल्याच फडणीस खटल्यात, तात्पुरत्या पदावरून मूळ खात्यात पाठवण्याचा आदेश वरकरणी निर्दोष असूनही न्यायालयाने त्याच्या आजूबाजूची परिस्थिती पाहिली आणि ती शिक्षाच ठरवली. ठरावात ‘सोय’ लिहिले म्हणून ती सोय होत नाही. आमच्या बाईंच्या प्रकरणात नकाराची तारीख आणि सभेची तारीख शेजारी ठेवली, की बरेच काही उघड होते.

पण समोरची बाजूही तितकीच तपासली पाहिजे. काही शिक्षक संघटना प्रत्येक पदावनतीला बेकायदा म्हणतात. तेही चूक आहे. प्रभारी मुख्याध्यापकाला नियमित नेमणूक होताच पायउतार व्हावे लागते. त्यात अन्याय नाही. ज्येष्ठाला डावलून कनिष्ठाला बसवले आणि ज्येष्ठ न्यायाधिकरणात जिंकला, तर कनिष्ठाला खाली यावेच लागेल. त्याचे म्हणणे ऐकावे, पण ती शिक्षा नव्हे.

पुनर्रचनेचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे, आणि सध्या तोच जास्त जाचतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुख्याध्यापकाचे पद पटाशी बांधले आहे. पहिली ते पाचवीसाठी 150 पेक्षा जास्त मुले आणि सहावी ते आठवीसाठी 100 पेक्षा जास्त मुले लागतात. गावे रिकामी होतात, पट घसरतो, संचमान्यतेत पद उडते. इथे माणसाचा काहीच दोष नसतो. अशी पदावनती कायदेशीर असू शकते हे मला मान्य आहे, पण ती खरी आहे की नाही हे ओळखायला कठीण नाही. संचमान्यतेच्या कागदावर पदच गेले आहे की फक्त माणूस हटवला आहे? त्याच जागी महिन्याभरात दुसरा कोणी बसला, तर पुनर्रचना कसली? संस्थेच्या अनेक शाळा असतील, तर एकत्रित ज्येष्ठता यादीतला सर्वांत कनिष्ठ मुख्याध्यापक खाली आला की नावडता? आणि निर्दोष माणसाच्या सेवापुस्तिकेत शिक्षेचा वास येणारा एक शब्दही का असावा? कारखान्यांतही मालकाला मोकळे रान नाही. श्रेणींचे वर्गीकरण बदलायचे तर औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 9-अ खाली कामगारांना 21 दिवसांची नोटीस द्यावी लागे, आणि नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ही नोटीस राहिली आहे.

इतके सांगूनही पदावनती ही शिक्षा राहावी असे माझे ठाम मत आहे. ती काढून टाकली, तर दोष गंभीर पण नोकरी जाण्याइतका मोठा नसलेल्या माणसाला एक तर वेतनवाढ रोखून सोडावे लागेल, नाहीतर घरी पाठवावे लागेल. हिशेबात हयगय करणारा मुख्याध्यापक चांगला गणिताचा शिक्षक असू शकतो. त्याला वर्गावर परत पाठवणे मुलांच्याही हिताचे असते.

मात्र या शिक्षेलाही तळ आहे. हुसेन कलादगी हे आपल्याकडचे शिक्षण खात्यातले सेवक. सरळसेवेने निरीक्षकपदावर निवडले गेलेल्या या माणसाला प्राथमिक शिक्षक करण्यात आले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ते अडवले. ज्याला बढती मिळाली त्याला खाली आणता येते. जो थेट त्याच पदावर निवडला गेला त्याला त्याखाली नेता येत नाही. 1988 च्या न्यादर सिंग निकालातही हेच तत्त्व आहे. सरळसेवेने आलेल्या शिक्षकाला लिपिकाच्या टेबलावर बसवणाऱ्या संस्थांनी ते वाचावे. शिवाय सरकारी नोकरांच्या शिस्त नियमांत, वरच्या पदावर परत कधी आणि कोणत्या अटींवर येता येईल हे आदेशातच सांगण्याची सोय आहे. शाळांच्या आदेशांतही ही मुदत लिहिली जावी. मुदत नसलेली पदावनती माणसाला निवृत्तीपर्यंत सोडत नाही.

आमच्या बाईंना आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येते. कलम 11 खाली न्यायाधिकरण त्यांना मूळ पदावर परत बसवू शकते, फरकाची रक्कम देववू शकते, किंवा दोष सिद्ध झाला असेल तर कमी शिक्षाही देऊ शकते. बहुतेकजण या 30 दिवसांत आमदाराकडे आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या दालनात खेटे घालतात आणि मुदत संपल्यावर वकील शोधतात. उशीर माफ करून घेता येतो, पण त्यासाठी वेगळा अर्ज आणि पटण्याजोगे कारण लागते. आदेश हाती पडल्याची तारीख पोच देताना स्वतःच्या हाताने लिहावी, त्या ठरावाची प्रत लेखी मागावी, आणि ‘स्वखुशीने’ असे लिहिलेल्या कोणत्याही कागदावर सही करू नये.